वेर्णा प्लँटमधल्या चार जागा आतूनच भरणार : सर्व कर्मचाऱ्यांसाठी सूचना

१२ जानेवारी २०२६

कामगार बंधू-भगिनींनो,

आपल्या वेर्णा प्लँटमध्ये चार जागा रिकाम्या आहेत. बाहेर जाहिरात देण्याआधी त्या तुमच्यासाठी खुल्या करत आहोत. ही सूचना तिन्ही शिफ्टच्या पंचिंग मशीनजवळ, कँटीनमध्ये आणि सांगे, फोंडा, काणकोण मार्गांवरच्या कंपनीच्या बसगाड्यांत लावली आहे. रजेवर असलेल्यांना ती घरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवली आहे, प्रसूती रजेवरच्या भगिनींनाही. आजारपणाची किंवा प्रसूतीची रजा निवडीत कोणाच्याही विरोधात धरली जाणार नाही.

पॅकिंग लाइन सुपरवायझरच्या दोन जागा आहेत. बारावी किंवा आयटीआय आणि पॅकिंगचा चार वर्षांचा अनुभव हवा. पगार महिना २६,००० ते ३१,००० रुपये. स्टोअर इन्चार्जची एक जागा आहे. शिक्षण बारावी, स्टोअरचा अनुभव तीन वर्षे, पगार २४,००० ते २८,०००. चौथी जागा क्वालिटी अॅश्युरन्समध्ये कनिष्ठ अधिकाऱ्याची. तिला बी.एस्सी. किंवा बी.फार्म. लागेल, पगार २८,००० ते ३३,०००. पगार आधीच छापला आहे, कारण तो माहीत नसताना कोणी अर्ज करावा अशी अपेक्षा ठेवणं योग्य नाही. स्टोअरच्या जागेसाठी इथे दोन वर्षे काम केलेले कंत्राटी कामगारही अर्ज करू शकतात. त्यासाठी ठेकेदाराची परवानगी लागणार नाही.

आता ज्या गोष्टीची कँटीनमध्ये सगळ्यात जास्त चर्चा असते, तिच्याबद्दल. ‘साहेबाला कळलं तर?’ ओव्हरटाइम बंद होईल, रात्रपाळी मागे लागेल, चतुर्थीची रजा अडेल, आणि निवड झाली नाही तर त्याच साहेबाखाली पुन्हा काम करायचंय. ही भीती खरी आहे. माणसं मनात इच्छा असूनही अर्ज करत नाहीत, ती याच कारणाने. म्हणून या वेळी पद्धत अशी ठेवली आहे की साहेबाची सही लागणारच नाही. अर्ज थेट एचआरकडे द्यायचा. कँटीनच्या वरच्या मजल्यावर कुलूपबंद पेटी आहे. तिची एक किल्ली एचआरकडे आणि दुसरी वर्क्स कमिटीतल्या कामगार प्रतिनिधीकडे राहील. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडणार नाही. तुमचं नाव पहिल्या छाननीत आलं, तरच तुमच्या विभागप्रमुखाला कळवलं जाईल, आणि तेही तुम्हाला आदल्या दिवशी सांगून. तेव्हा नको वाटलं तर अर्ज मागे घ्या, कारण विचारणार नाही.

अर्ज केलेल्या प्रत्येकाचं ओव्हरटाइम, शिफ्ट आणि रजेचं रजिस्टर पुढचे सहा महिने एचआर दर महिन्याला तपासेल. फरक दिसला तर खुलासा विभागप्रमुखाला द्यावा लागेल, तुम्हाला नव्हे. अर्ज केल्याबद्दल कोणाला टोमणा मारणं, धमकावणं किंवा कामात अडवणं हे शिस्तभंग मानलं जाईल, मग ते करणारा कितीही वरच्या पदावर असो.

अर्जात गाव, धर्म, जात, लग्न झालंय की नाही, मुलं किती, हे प्रश्न नाहीत. अर्ज मराठीत, इंग्रजीत किंवा कोकणीत लिहा. कोकणी देवनागरीत चालेल, रोमी लिपीतही चालेल. क्वालिटीच्या जागेला मात्र इंग्रजी वाचता-लिहिता यावं लागेल, कारण बॅच रेकॉर्ड इंग्रजीत असतात. ही अट त्या कामाची गरज म्हणून आहे. बाकी जागांना ती नाही, आणि इंटरव्ह्यूत कोणी इंग्रजीवरून तुम्हाला खाली दाखवलं तर ते गुणांत धरलं जाणार नाही.

निवड १०० गुणांची आहे: लेखी ४०, प्रात्यक्षिक ३०, इंटरव्ह्यू ३०. प्रात्यक्षिकाला इंटरव्ह्यूइतकंच वजन का, ते सांगतो. बोलण्यात हुशार असलेला माणूस इंटरव्ह्यू सहज मारून नेतो, पण लाइनवर उभं राहिल्यावर खरं कळतं. सुपरवायझरच्या उमेदवाराला थांबवलेल्या ब्लिस्टर लाइनवर लाइन क्लिअरन्स करायला देऊ. आदल्या बॅचच्या काही वस्तू तिथे मुद्दाम ठेवलेल्या असतील: कन्व्हेयरखाली अडकलेली पट्टी, कार्टनच्या गठ्ठ्यात जुन्या बॅच नंबरचा एक कार्टन, किंवा प्रिंटरवर तसाच राहिलेला जुना नंबर. शोधा आणि नोंद करा. वस्तू प्रत्येकासाठी वेगवेगळ्या जागी असतील, पण संख्या सारखी. ज्यांच्याकडे गेले काही महिने सुपरवायझरचा तात्पुरता चार्ज आहे, तेही हीच परीक्षा देतील. चार्ज सांभाळल्याचे वेगळे गुण नाहीत. ‘नाव आधीच ठरलंय’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोणाचंही नाव ठरलेलं नाही.

लेखी पेपरवर नाव नसेल, फक्त क्रमांक. निवड समितीत तिघे असतील: एचआरचा एक, त्या विभागाबाहेरचा एक आणि क्वालिटीचा एक. तिघांपैकी किमान एक महिला. उमेदवाराचा सध्याचा वरिष्ठ समितीत नसेल. गोव्यात नातं नाही तर वाड्याची ओळख निघतेच, त्यामुळे समितीतल्या प्रत्येकाने नातं किंवा जवळची मैत्री आधी लेखी कळवायची आहे. त्या उमेदवाराला तो गुण देणार नाही, त्याच्या जागी दुसरा बसेल. त्या पदाच्या सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तिघे आपापले गुण आधी स्वतंत्रपणे पेनने लिहितील, मगच चर्चा होईल. गुण बदलायचे असतील तर आपल्या बॅच रेकॉर्डचाच नियम: जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी नवा आकडा, सही, तारीख आणि कारण. खाडाखोड किंवा व्हाइटनर असलेला कागद ग्राह्य नाही. इंटरव्ह्यूच्या वेळी वर्क्स कमिटीचा एक प्रतिनिधी खोलीत बसेल. तो गुण देणार नाही, पण सगळं पाहील.

अर्जाची मुदत २४ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी ५ पर्यंत. लेखी आणि प्रात्यक्षिक ३१ जानेवारीला, इंटरव्ह्यू ५ आणि ६ फेब्रुवारीला. निकाल शुक्रवार १३ फेब्रुवारीला, म्हणजे कार्निव्हलच्या आधी लागेल. या दिवसांचा वेळ ड्युटीतच धरला जाईल, पगार कापणार नाही. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळची परीक्षा नको, त्याला दुपारची वेळ देऊ. दिव्यांग बंधू-भगिनींना परीक्षेत काही सोय हवी असेल तर अर्जातच लिहा.

ज्यांची निवड होणार नाही, त्या प्रत्येकाला समोर बसवून गुण दाखवू आणि कशात कमी पडलं ते सांगू. ‘तुम्ही चांगले आहात, पण या वेळी जमलं नाही’ एवढं बोलून पाठवणार नाही. हवं असेल तर लाइन क्लिअरन्सचं किंवा रेकॉर्ड लिहिण्याचं प्रशिक्षण पुढच्या तीन महिन्यांत देऊ. निवड झालेल्याला त्याच्या विभागाने ३० दिवसांत सोडायचं आहे. ‘माणूस मिळत नाही’ म्हणून थांबवता येणार नाही.

काही चुकीचं घडलं असं वाटलं तर प्लँट हेडच्या नावाने बंद पाकिटात लिहा, किंवा वर्क्स कमिटीच्या प्रतिनिधीला सांगा. सात कामाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळेल. त्या चौकशीत एचआर नसेल, कारण तक्रार एचआरविरुद्धही असू शकते. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती २०१३च्या कायद्याखालच्या आपल्या अंतर्गत समितीकडेच जाईल.

अर्जाचे फॉर्म सुरक्षा गेटवर आणि एचआरमध्ये ठेवले आहेत. फॉर्म घेताना नाव लिहून घेतलं जाणार नाही. भरायला मदत हवी असेल तर मंगळवारी आणि गुरुवारी शिफ्ट बदलाच्या वेळी, दुपारी २ ते ४, मी स्वतः कँटीनवरच्या खोलीत असेन. दार उघडं असेल.

व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
वेर्णा प्लँट