ताईंचे देहावसान, संस्थेचे सर्व कार्यक्रम रद्द

सर्व विद्यार्थी, पालक, माजी विद्यार्थी, कार्यकर्ते आणि हितचिंतकांस,

आपल्या संस्थेच्या अध्यक्षा, आपल्या सर्वांच्या ताई, आज रविवारी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी आपल्याला सोडून गेल्या. त्या ८७ वर्षांच्या होत्या. गेले तीन आठवडे छातीतल्या संसर्गामुळे त्यांना धाप लागत होती. रुग्णालयात हलवण्याचा आग्रह आम्ही दोनदा धरला आणि दोन्ही वेळा त्यांनी हाताने ‘नको’ अशी खूण केली. शेवटी त्या संस्थेच्या आवारातल्या त्यांच्या नेहमीच्या खोलीतच होत्या. जवळ त्यांची भाची आणि रात्रपाळीच्या परिचारिका होत्या. त्रास झाला नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

या निवेदनात ताईंच्या नावाआधी एकही उपाधी नाही, ही चूक नव्हे. ‘माझ्या नावापुढे काही चिकटवाल तर मी उठून येईन,’ असे त्या म्हणायच्या. फलक लावणाऱ्यांनीही कृपया एवढे पाळावे.

आजपासून पुढील सूचनेपर्यंत संस्थेचे सर्व कार्यक्रम रद्द करण्यात येत आहेत. गुरुवारची व्याख्याने, मुलांचे शनिवारचे वर्ग, या महिनाअखेरचे निवासी शिबिर आणि पुढच्या महिन्यातला सुवर्णमहोत्सवाचा तीन दिवसांचा सोहळा, हे सर्व त्यात आले. शिबिर आणि सोहळा पुढे ढकललेले नाहीत, रद्द केले आहेत. नवी तारीख कधी, असे कृपया विचारू नये.

सोहळ्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सात महिने राबणाऱ्या मुलामुलींना हे ऐकून वाईट वाटणार आहे. ‘ताईंना आवडले असते, कार्यक्रम करूया,’ असे मंडळाच्या सकाळच्या बैठकीत काहींनी मनापासून सुचवले. पण व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी ठेवून नाटुकली आणि गाणी सादर करण्याचे बळ आमच्यापैकी कोणात आहे असे वाटले नाही. तालमीला येणाऱ्या मुलांना ही बातमी आधी घरच्यांनी, जवळ बसवून सांगावी. ती त्यांना फोनवरच्या संदेशातून कळू नये.

दवाखाना मात्र सुरू राहील. आज रविवार असला तरी सकाळी ९ ते १२ तो उघडा असेल आणि उद्यापासून नेहमीच्या वेळेत चालेल. ताईंच्या आधीचे अध्यक्ष गेले तेव्हा आपण तीन दिवस सगळे कुलूपबंद ठेवले होते. त्या तीन दिवसांत तापाने फणफणलेले बाळ घेऊन लांबून चालत आलेली एक बाई दारावरची पाटी वाचून परत गेली. बाळ पुढे बरे झाले, पण ताईंनी ती गोष्ट आम्हाला कितीदा ऐकवली याची गणती नाही. ‘आपण शोक करत होतो, ती उन्हात उभी होती,’ एवढेच त्या म्हणायच्या आणि समोरचा माणूस खाली बघायचा. ती पाटी या वेळी लागणार नाही. वसतिगृह आणि तिथले स्वयंपाकघरही चालू राहील. परीक्षा जवळ असल्याने अभ्यासिका रात्री १० पर्यंत उघडी ठेवत आहोत.

ताईंनी नेत्रदान आणि देहदान या दोन्हींचा संकल्प अकरा वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. म्हणून भाचीने पहिला फोन नेत्रपेढीला केला, दुसरा आम्हाला. पेढीचे पथक पावणेसातला येऊन गेले. नेत्र कोणाला बसवले हे सांगितले जात नाही. तेव्हा कार्यालयात त्याची चौकशी करू नये. देहदानाचा अर्ज मृत व्यक्तीने भरलेला असला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. ताईंच्या कुटुंबाने ती तत्काळ दिली, त्याबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे. देह आजच वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे सुपूर्द होईल. त्यामुळे अंत्ययात्रा निघणार नाही आणि अंत्यसंस्कारही होणार नाहीत.

याच कारणाने अंत्यदर्शनाची वेळ कमी आहे. आज सकाळी ११ ते दुपारी ३ पर्यंत मधल्या सभागृहात दर्शन घेता येईल. पूर्वेकडच्या फाटकातून आत यावे आणि ग्रंथालयाच्या बाजूने बाहेर पडावे. ज्येष्ठांसाठी आणि चालायला त्रास होणाऱ्यांसाठी वेगळी रांग आहे. ठीक ३ वाजता रुग्णवाहिका निघेल, ती कोणासाठीही थांबणार नाही. जे दूर आहेत त्यांनी गाडी भरधाव हाकून येण्याचे धाडस करू नये. वेळेत पोहोचणे शक्य नसेल तर आपापल्या ठिकाणीच थांबावे.

फुले, हार, शाली आणू नयेत. सभागृहात छायाचित्रे आणि चित्रीकरण पूर्णपणे बंद आहे. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण पहाटे नेत्रपेढीचे पथक यायच्या आतच खिडकीतून काढलेले एक छायाचित्र गटागटांतून फिरू लागले होते. ज्यांच्याकडे ते आले असेल त्यांनी ते पुढे न पाठवता पुसून टाकावे. वसतिगृहातल्या मुलांना गाठून ‘कसे वाटते’ असे विचारण्यासही मनाई आहे.

शिबिराचे शुल्क ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात दहा दिवसांत परत जमा होईल. रोख भरणाऱ्यांनी पावती घेऊन गुरुवारनंतर कार्यालयात यावे. पावती हरवली असेल तरी या, नोंदवहीत नाव आहे. ‘पैसे परत नकोत, देणगीत धरा’ असे तिघांनी आत्ताच कळवले आहे. त्यांचे आभार, पण आधी पैसे परत होतील, मग ज्याची त्याची इच्छा. ताईंच्या नावाने संस्थेने कोणताही निधी सुरू केलेला नाही. तसे सांगणारा क्यूआर कोड किंवा खाते क्रमांक कोणी पाठवला तर तो फसवणुकीचा समजावा आणि कार्यालयाला कळवावे.

दैनंदिन कारभार घटनेनुसार उपाध्यक्ष पाहतील. पुढचे अध्यक्ष कोण यावर आज कोणी कोणाशी बोलू नये, इतकीच विनंती.

स्मृतिसभेचा दिवस कुटुंबाशी बोलून ठरवू आणि स्वतंत्रपणे कळवू. दरम्यान, ज्यांच्याकडे ताईंची पत्रे आहेत त्यांनी त्यांच्या प्रती कार्यालयात पाठवाव्यात. मूळ पत्रे पाठवू नका, ती तुमचीच आहेत. त्या रोज सकाळी चार पोस्टकार्डे लिहीत, हे बहुतेकांना ठाऊक आहे. काल दुपारी लिहायला घेतलेले एक कार्ड त्यांच्या टेबलावर आहे. पत्ता पूर्ण आहे, मजकूर दोनच ओळींचा. ते आम्ही तसेच टपालात टाकत आहोत.

कार्यकारी मंडळ, विश्वस्त आणि सर्व कर्मचारी