आमच्याविषयी

आम्ही ठाणे ते बदलापूर या पट्ट्यात गळतीची कामं करतो. गच्च्या, बाथरूम, बाहेरच्या भिंती. 2009 साली आम्ही दोघा भावांनी सुरुवात केली. धाकट्याचा सिव्हिल डिप्लोमा, थोरल्याचं त्याआधी अकरा वर्षं गवंडीकाम. आज सात जण आहोत, त्यातले चार पहिल्यापासूनचे. काम पोटकंत्राटावर देत नाही. पाहणीला येतो तोच भाऊ कामावर उभा असतो.

पाहणीला आलो की आधी प्रश्नच विचारतो. ओल बारा महिने असते की फक्त पावसात? वरच्या घरातल्या आंघोळी आटपल्या की थेंब वाढतात का? बारमाही ओल असली तर बहुधा पाण्याची लाइन झिरपत असते. मग तुम्हाला प्लंबर हवा, आम्ही नको, आणि तसं सांगून आम्ही निघतो. आंघोळीनंतर वाढत असेल तर पहिला संशय नहाणी ट्रॅपच्या सांध्यावर. तेवढंच उघडून भागलं तर अख्ख्या बाथरूमच्या लाद्या उखडत नाही.

गच्ची झाली की पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून 48 तास पाणी कोंडतो. वरच्या मजल्यावरच्यांनी आपापलं छत स्वतः बघायचं. ते कोरडं राहिलं तरच शेवटचा हप्ता.

एकदा याच टेस्टने आम्हाला चकवलं. 2017 च्या जुलैत डोंबिवलीतल्या एका सोसायटीची, आम्हीच केलेली गच्ची गळली. कोबा चांगला होता. पण टाकीचा पाइप पॅरापेटमधून जातो तिथला वाटा, म्हणजे सांध्यावरचा सिमेंटचा गोलावा, आम्ही जुनाच ठेवला होता, आणि कोंडलेलं पाणी तेवढ्या उंचीला पोचलंच नव्हतं. भर पावसात ताडपत्री बांधली, दिवाळीनंतर तो भाग आमच्या खर्चाने पुन्हा केला. तेव्हापासून प्रत्येक पाइपाच्या बुडाचा फोटो, काम झाकण्याआधी, सेक्रेटरींच्या मोबाइलवर जातो.

गच्चीची गॅरंटी पाच वर्षांची, लेखी. दहा वर्षांची देणारेही भेटतील. आम्हाला पाचच्या पुढचं छातीठोक सांगता येत नाही. नंतर डिश अँटेना किंवा सोलरसाठी ड्रिल मारलं तर त्या जागेची गॅरंटी संपते. कोटेशनवर हे ठळक छापलेलं असतं, तरी दरवर्षी एखादी डिश निघतेच.

20 मेनंतर गच्चीचं नवं काम घेत नाही. कोटिंगला खालचा थर पूर्ण सुकलेला लागतो, आणि वळवाचा भरवसा नाही.

पाहणीचे 500 रुपये घेतो, काम दिलंत तर बिलातून वजा करतो. रविवारी सकाळी बोलावलंत तर बरं, वरचे-खालचे दोन्ही शेजारी घरी सापडतात. जुन्या दुरुस्तीची बिलं असली तर काढून ठेवा.