शुक्रवारी बाप्पाची पाठवणी: कधी, कुठे, काय आणायचं

नमस्कार मंडळी 🙏

खाली फलकावर लागलेली विसर्जनाची नोटीस दोन पानी आहे. त्यातलं कामाचं सगळं इथे सोप्या भाषेत.

*शुक्रवार, २५ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी*
दुपारी ४ : मंडपात उत्तरपूजा आणि आरती
सायं. ५ : मिरवणूक, सोसायटीच्या आतूनच, तिन्ही विंगना एक फेरी
सायं. ६.३० : बागेजवळच्या हौदात विसर्जन

स्पीकर नाही. टाळ, झांजा आणि आपल्या मुलांचं लेझीम. घरी झांजा असतील तर नक्की आणा, गेल्या वर्षी कमी पडल्या होत्या.

*गाड्या* : बी विंगसमोरच्या गाड्या ३ वाजेपर्यंत मागच्या पार्किंगमध्ये लावा. बाप्पाची हातगाडी त्या वळणावर अडकते आणि मूर्तीला हिसका बसतो.

*घरच्या दहा दिवसांच्या मूर्ती* : घरी उत्तरपूजा करून, दहीपोह्यांची शिदोरी देऊन ६ वाजता खाली आणा. हौदात फक्त *शाडूच्या* मूर्ती. एक पूर्ण बुडाली की मगच दुसरी सोडू. एकावर एक पडल्या तर हातपाय मोडतात, ते बघवत नाही. पीओपीची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्या मूर्ती ६ वाजताच टेम्पोने महापालिकेच्या संकलन केंद्रावर नेऊ. आपली मूर्ती शाडूची की पीओपीची हे माहीत नसेल तर जिथून आणली तिथे आजच विचारून ठेवा.

*निर्माल्य* : हौदात काहीही टाकू नका, दूर्वासुद्धा नाही. हिरव्या पिंपात फक्त फुलं, पत्री, दूर्वा. हारातला दोरा, जरी, प्लास्टिकची फुलं घरीच काढून ठेवा. दोरा खतात लवकर कुजत नाही आणि खत चाळताना गुंता होतो. मखराचं थर्माकोल कोरड्या कचऱ्यात.

*वाटली डाळ* 😊 : दहा घरांनी प्रत्येकी अर्धा किलो हरभरा डाळीची करायची आहे, सहा नावं आली, *चार हवीत*. डाळ ४-५ तास भिजवा, पूर्ण निथळा आणि पाणी न घालता भरड वाटा. पाणी राहिलं की परतताना गोळा होतो. ओलं खोबरं अगदी शेवटी, खाली आणतानाच घाला. सकाळीच घातलं तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. ५.३० पर्यंत मंडपात पोहोचवा.

हौदाभोवती दोरी असेल. लहान मुलांचा हात सोडू नका, शाडूने कडा फार निसरड्या होतात. पाऊस आला तर मिरवणूक पार्किंगमध्ये, वेळा त्याच.

हौदातला गाळ बसला की रविवारी सकाळी १० ला कुंड्यांसाठी माती वाटू. डबा आणा.

डाळीसाठी नाव *बुधवारी रात्री ९ पर्यंत* याच नंबरवर कळवा. हा ब्रॉडकास्ट आहे, तुमचं उत्तर फक्त आम्हालाच दिसेल. ज्यांच्याकडे हा नंबर सेव्ह नाही त्यांना मेसेज पोहोचत नाही, तेव्हा शेजारच्या आजी-आजोबांना तेवढं दार वाजवून सांगा.

गणपती बाप्पा मोरया! 🌺
उत्सव समिती