नव्या गुंतवणूकदारास समभाग वाटपाबाबत संचालक मंडळाचा ठराव

भागधारकांच्या विशेष ठरावानुसार नव्या गुंतवणूकदाराने अर्जासोबत भरलेले 20,00,000 रुपये 3 जून 2024 रोजी स्वतंत्र बँक खात्यात जमा झाले असून त्यातील एक रुपयाही खर्च झालेला नाही, हे संचालक मंडळाने खातेउताऱ्यावरून स्वतः पडताळले आहे.

त्यामुळे ठरविण्यात येते की, कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 42 व 62 अन्वये, 60 दिवसांच्या मुदतीच्या आत, आज 12 जून 2024 रोजी अर्जदारास प्रत्येकी 10 रुपये दर्शनी मूल्याचे 20,000 समभाग प्रत्येकी 90 रुपये अधिमूल्याने वाटप करण्यात यावेत. हे समभाग विद्यमान समभागांच्या बरोबरीचे राहतील.

कंपनी सचिवांनी पीएएस-3 विवरणपत्र 15 दिवसांत निबंधकांकडे दाखल करावे. तोवर या रकमेस हात लावू नये.