दुखापतीमुळे हाफ मॅरेथॉनची एन्ट्री पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याबाबत विनंती

दि. ३ नोव्हेंबर २०२५
जुळे सोलापूर, सोलापूर

प्रति,
मा. स्पर्धा संचालक,
हाफ मॅरेथॉन आयोजन समिती, सोलापूर

विषय : १४ डिसेंबर २०२५ च्या स्पर्धेतील २१ किमी एन्ट्री वैद्यकीय कारणाने २०२६ च्या स्पर्धेसाठी राखून ठेवण्याबाबत.
नोंदणी क्र. ०४१८, महिला, वयोगट ४० ते ५०

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी आपल्या स्पर्धेत याआधी दहा किलोमीटर धावले आहे. यंदा पहिल्यांदाच २१ किलोमीटरला नाव दिले आणि नोंदणी सुरू झाली त्याच आठवड्यात पूर्ण फी भरली. उजव्या पायाच्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याचे आता निदान झाले असून डॉक्टरांनी डिसेंबरअखेरपर्यंत धावण्यास मनाई केली आहे. त्यामुळे १४ डिसेंबरला मला धावता येणार नाही. माझी एन्ट्री रद्द न करता ती पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी राखून ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे. पैसे परत नकोत.

आपण निर्णय घेणार, तेव्हा सगळी हकीकत आपल्यासमोर असावी म्हणून ती सविस्तर लिहिते.

सप्टेंबरपासून मी रविवारचे लांब अंतर वाढवत नेले होते. कंबर तलावाच्या बाजूने विजापूर रोडला निघायचे आणि उजाडेपर्यंत परत यायचे, असा नेम होता. बारा, चौदा, सोळा असे करत अठरा किलोमीटरपर्यंत आले. नडगीच्या आतल्या बाजूला थोडे दुखायचे, पण धावायला सुरुवात केली की थांबायचे. पुढे कोजागरीला आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे सोलापूरहून तुळजापूरला चालत जाऊन आईचे दर्शन घेतले. ती वाट पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि जवळजवळ सगळी डांबरी. तिथून आल्यावर दुखण्याची तऱ्हाच बदलली. आधी धावायला लागले की थांबायचे ते आता चालतानाही दुखू लागले आणि दिवाळीपर्यंत रात्री झोपेतही ठणकायला लागले.

पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे बऱ्याचदा साफच येतो, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी अंगठ्याने नडगीवर खालून वर दाबत नेले. घोट्याच्या चार बोटे वर, रुपयाएवढ्या जागेवर बोट आले तेव्हा माझा पाय आपोआप मागे ओढला गेला. वर-खाली सगळीकडे ठीक, दुखत होते ते तेवढ्या जागेवरच. मग त्यांनी उजव्या पायावर उभे राहून जागच्या जागी उडी मारायला सांगितले. दुसऱ्या उडीला मी टेबलाची कड धरली. 'शिन स्प्लिंट असता तर दुखणे नडगीभर पसरलेले असते, असे एका बोटाखाली सापडत नाही,' असे म्हणून त्यांनी एमआरआय लिहून दिला. २९ ऑक्टोबरचा तो अहवाल सोबत जोडला आहे.

धावण्याने हाडात बारीक झीज होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. स्नायू आणि दम काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला त्याहून जास्त वेळ लागतो. दम वाढला म्हणून आपण अंतर वाढवत जातो आणि हाड मागे पडते, असे त्यांनी समजावले. रक्ततपासणीत माझे ड जीवनसत्त्वही कमी निघाले. मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात तपासणी आणि पॅकिंगचे काम पाहते. पूर्ण पाळी उभ्याने जाते, तीही पायावर भरच. मालकांनी आता बसून तपासणी करण्याची सोय करून दिली आहे, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे धावणे पूर्ण बंद, पहिले काही आठवडे वॉकर बूट आणि नंतर दुखत नसेल तर साधे चालणे, असे लिहून दिले आहे. २९ ऑक्टोबरपासून मोजले तर स्पर्धेचा दिवस सातव्या आठवड्यात येतो. म्हणजे हाड जुळत आले असेल नेमक्या त्याच वेळी. बूट काढला, दुखायचे थांबले, म्हणून त्या दिवशी २१ किलोमीटर पळाले तर रेघेएवढी भेग पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकते, हे त्यांनी दोनदा बजावले. दहा किंवा पाच किलोमीटरच्या गटात बदलून घ्यावे असेही मनात आले होते. पण त्यांनी अंतराचा प्रश्नच नाही म्हणून सांगितले. धावायचेच नाही.

आता आपल्या नियमांविषयी. नोंदणी करताना 'फी परत मिळणार नाही आणि एन्ट्री दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही' या अटीला मी संमती दिली आहे आणि ती अट मला पटते. मेडल, टी-शर्ट, टायमिंग कंपनी, रुग्णवाहिका यांचे पैसे आपल्याला आधीच गुंतवावे लागतात, त्यामुळे परतावा देणे शक्य नसते. एन्ट्री दुसऱ्याला न देण्याचा नियम तर मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. निदानाची बातमी कळल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी 'बिब वाया कशाला घालवता, माझ्या पुतणीला द्या, ती पळेल' असे सुचवले. त्यांचा हेतू चांगला होता. मी नाही म्हटले. बिबच्या मागे माझा रक्तगट आणि माझ्या यजमानांचा नंबर असणार. ती मुलगी पंधराव्या किलोमीटरला चक्कर येऊन पडली तर वैद्यकीय पथक भलत्याच घरी फोन करील आणि भलताच रक्तगट वाचील. शिवाय चिपवर वेळ नोंदली जाईल माझ्या नावे, माझ्या वयोगटात. पंचविशीच्या मुलीच्या वेळेमुळे चाळिशी-पन्नाशीतल्या एखाद्या बाईचा क्रमांक जाणार. ज्या बायका घरचे आवरून, पहाटे अंधारात एकमेकींच्या सोबतीने पळायला निघतात, त्यांच्यावर असा अन्याय माझ्या हातून होणे मला सहन होणार नाही.

म्हणूनच मला वाटते की एन्ट्री पुढच्या वर्षी नेण्याची सोय या दोन्ही नियमांना धक्का लावत नाही. पैसे समितीकडेच राहतात आणि नाव त्याच माणसाचे राहते. न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये ज्यांना धावता येत नाही ते मुदतीत एन्ट्री रद्द करून पुढच्या वर्षीची जागा मिळवू शकतात, फी मात्र पुन्हा भरावी लागते. ती स्पर्धा कितीतरी पटीने मोठी आहे हे मला कळते, त्यांची बरोबरी मी करत नाही. पण दुखापतग्रस्त धावपटूची जागा राखायची आणि आयोजकांचेही नुकसान होऊ द्यायचे नाही, असा मधला मार्ग निघतो एवढे त्यावरून दिसते.

माझ्या बाबतीत आपण ज्या अटी घालाल त्या मान्य आहेत. पुढच्या वर्षी फी वाढली तर वरचा फरक मी भरीन. यंदाचा टी-शर्ट आणि किट मला नको. बिब छपाईला आणि टी-शर्टच्या ऑर्डरला अजून वेळ असावा, म्हणून घाईने आजच लिहीत आहे. प्रतीक्षा यादी असेल तर माझी २१ किलोमीटरची जागा आजच मोकळी समजून दुसऱ्या कोणाला द्यावी. ही सवलत एकदाच मिळेल, २०२६ मध्येही काही अडचण आली तर पुन्हा मागता येणार नाही, अशी अट असली तरी हरकत नाही.

सगळ्यांनीच अशी पत्रे पाठवली तर काय करायचे, हा प्रश्न आपल्यासमोर येईल याची मला जाणीव आहे. वैद्यकीय कागद हवेतच, बिब छापण्याआधीची तारीख ठरवून द्यावी आणि सवलत एकदाच द्यावी, एवढे केले तरी उगाच मागणारे आपोआप गळतील असे मला वाटते. उलट फायदाच होईल. सोय नसली की काही जण फी फुकट जाऊ नये म्हणून दुखऱ्या पायाने उभे राहतात, आणि अशा माणसाला दहाव्या किलोमीटरवरून उचलून आणायचे काम शेवटी आपल्याच स्वयंसेवकांना पडते. चौदाशे रुपये कोणाला किरकोळ वाटत असतील, पण आमच्या कारखान्यातल्या बाईला ते सोडून देणे जड जाते. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या दोघींनी यंदा माझ्या पाठोपाठ नाव दिले आहे, दहा किलोमीटरला. त्यांच्यापैकी कोणाला उद्या असे काही झाले तर तिने पायाचे ऐकावे की पैशाचे, हा पेच तिला पडू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

याच हंगामात पुढे दुसरी एखादी स्पर्धा गाठता येईल का, याचाही विचार मी केला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास डॉक्टरांनी परवानगी दिली तर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे इथून पुन्हा सुरुवात होईल. तिथून २१ किलोमीटरपर्यंत यायला एप्रिल उजाडणार, आणि एप्रिलमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा लांब अंतराचा सराव म्हणजे दुसऱ्या दुखण्याला आमंत्रण. उन्हाळा कमी अंतरावर काढून पावसाळ्यात हळूहळू वाढवत नेले तर पुढच्या डिसेंबरला मी व्यवस्थित तयार असेन. आणि खरे सांगायचे तर माझी पहिली २१ मला माझ्याच गावात पळायची आहे. रस्त्याच्या कडेला माझी माणसे उभी असतील, कारखान्यातल्या पोरी हाका मारतील, तिथे.

यंदाही त्या दिवशी मी घरी बसणार नाही. आपला निर्णय काहीही झाला तरी १४ डिसेंबरला मला स्वयंसेवक म्हणून काम द्यावे. एका जागी बसून करण्यासारखे काम मी नीट करू शकते : बिब वाटपाच्या दिवशी यादी तपासणे, किंवा स्पर्धेच्या सकाळी पाण्याच्या टेबलावर ग्लास भरून देणे. माझ्यासोबत आणखी चार-पाच जणी यायला तयार आहेत. पहाटे चारला या म्हणालात तरी येऊ.

सोबत एमआरआय अहवाल, डॉक्टरांचे विश्रांतीचे पत्र आणि फी भरल्याची पावती यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद पाहायचे असतील तर सांगाल तेव्हा कार्यालयात घेऊन येते. पाळी दुपारी संपते, त्यामुळे चारनंतरची वेळ सोयीची पडेल. बिब छपाईची यादी अंतिम होण्यापूर्वी, शक्य झाल्यास १५ नोव्हेंबरपर्यंत, नोंदणीत दिलेल्या मोबाईलवर किंवा ईमेलवर निर्णय कळवावा ही विनंती. होकार असल्यास २०२६ च्या नोंदणीसाठी मला पुन्हा फॉर्म भरावा लागेल की हाच क्रमांक चालेल, तेही त्यातच कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सुनंदा म्हेत्रे
नोंदणी क्र. ०४१८

सोबत : १) एमआरआय अहवालाची प्रत २) डॉक्टरांचे पत्र ३) फीची पावती