वृत्तालेख आणि रेषालेख : टक्क्यांवरून प्रत्यक्ष संख्या (सोडवलेला प्रश्नसंच)

माहिती : एका कारखान्यात पंख्यांची अ, ब, क, ड, इ ही पाच मॉडेल्स तयार होतात.

रेषालेख, एकूण उत्पादन (हजार नग) : २०१८ – २४, २०१९ – ३०, २०२०  – २७, २०२१ – ३६, २०२२ – ४०. उभा अक्ष २० पासून सुरू होतो.

वृत्तालेख, २०२१ (टक्के) : अ २५, ब २०, क १५, ड ३०, इ १०.

वृत्तालेख, २०२२ (अंश) : अ ९०, ब ५४, क ७२, ड १०८, इ ३६.

प्र. १. २०२१ मध्ये 'ड' चे किती पंखे तयार झाले?

वृत्तालेखात फक्त वाटा असतो. तो कशाचा, हे रेषालेख सांगतो. २०२१ चा बिंदू ३६ वर आहे, म्हणजे ३६,००० नग. १०% म्हणजे ३,६००, त्याची तिप्पट १०,८००. अक्षावरचे 'हजार' वाचायचे राहून गेले, तर उत्तर १०.८ येते आणि पर्यायांत तेही ठेवलेले असते.

प्र. २. 'ब' चे उत्पादन २०२१ च्या तुलनेत २०२२ मध्ये किती टक्क्यांनी घटले?
(१) ५ (२) १६.६७ (३) २० (४) २५

या संचातला खरा कस इथे लागतो. आधी अंशांचे टक्के करू. ३६०° म्हणजे १००%, म्हणून ३.६° म्हणजे १%. ५४ ÷ ३.६ = १५%. आता २० वरून १५ दिसले की हात लगेच ५ किंवा २५ कडे जातो. पण हे २०% छत्तीस हजारांचे आहेत आणि १५% चाळीस हजारांचे. पाया बदलला की टक्क्यांची थेट वजाबाकी चालत नाही. आधी नग काढायलाच हवेत.

२०२१ : ३६,००० × २०/१०० = ७,२००
२०२२ : ४०,००० × १५/१०० = ६,०००

घट १,२०० नगांची. ती ७,२०० शी ताडायची, कारण तुलना २०२१ शी आहे : १,२००/७,२०० × १०० = १६.६७%. पर्याय (२).

प्र. ३. दोन्ही वर्षांत 'अ' चा वाटा सारखाच आहे. मग उत्पादनही तेवढेच राहिले का?

नाही. ९०° म्हणजे पाव वर्तुळ, २५%. वाटा तोच, पण नग ९,००० वरून १०,००० झाले.

प्र. ४. २०१८ पेक्षा २०२२ चे एकूण उत्पादन किती टक्क्यांनी जास्त आहे?

आलेखात २०२२ चा बिंदू २०१८ च्या पाचपट उंचीवर दिसतो. अक्ष शून्यापासून नाही, त्यामुळे ही उंची धरायची नाही, आकडे धरायचे. वाढ ४० – २४ = १६ हजार. १६/२४ × १०० = ६६.६७%.