खात्याचा मोबाईल नंबर व ईमेल बदलण्याबाबत अर्ज

दि. ३ मे २०२५

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
शाहूपुरी शाखा, कोल्हापूर

अर्जदार : दत्तात्रय बापूसो चौगले, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
खाते : बचत, संयुक्त (सौ. सुमन चौगले यांच्यासह), शेवटचे चार अंक ४४१७

विषय : सिम हरवल्याने व्यवहारांचे मेसेज बंद झाले आहेत. नोंदीतला मोबाईल नंबर व ईमेल बदलून मिळणेबाबत.

महोदय,

१२ एप्रिलला चैत्र पौर्णिमेला आम्ही जोतिबाच्या डोंगरावर गेलो होतो. सासनकाठीच्या गर्दीत माझा साधा बटणांचा फोन खिशातून पडला की कुणी काढला, देव जाणे. पुतण्याने त्याच संध्याकाळी कंपनीला कळवून सिम बंद करून घेतले. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या पोर्टलवर हरवल्याची नोंद केली.

आता अडचण अशी की तो नंबर (शेवटी ६३०८) पुतण्याच्याच नावावर आहे, आणि तो २०१९ पासून मस्कतला असतो. डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर नंबर, त्यानेच आले पाहिजे. म्हणून तो नाद सोडून मी माझ्या स्वतःच्या नावावर नवा नंबर घेतला आहे (शेवटी १९५२).

२१ एप्रिलला मी काउंटरवर आलो होतो. आधी आधारला नवा नंबर जोडून या, असे सांगण्यात आले. तेही केले, बोटांचे ठसे देऊन ५० रुपये भरले. ती पावती घेऊन २९ तारखेला आलो, तर एटीएमवरून नंबर बदला म्हणाले. एटीएमवर प्रयत्न केला, तेव्हा कळले की ओटीपी जुन्याच नंबरावर जाणार. तो नंबर हातात असता तर मी बदलायला आलोच कशाला असतो? त्यामुळे माझी सही व मूळ कागदपत्रे समोरासमोर तपासून हा बदल शाखेतूनच करावा, ही विनंती. संयुक्त खाते असल्याने सौ. सुमन यांचीही सही खाली घेतली आहे. त्यांना समक्ष आणायचे असल्यास तसे कळवावे, म्हणजे हेलपाटा वाचेल.

नवा नंबर जोडण्याइतकेच जुना काढणे महत्त्वाचे आहे. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. तसे झाले तर माझ्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी परक्या माणसाच्या हातात जातील. म्हणून ६३०८ हा नंबर खाते, एटीएम कार्ड, मुदत ठेव आणि नेट बँकिंग अशा सगळ्या ठिकाणांहून काढावा. मी यूपीआय वापरत नाही, तरी त्या नंबरावर काही नोंदणी झालेली दिसल्यास तीही बंद करावी.

ईमेलचे दुखणे जुने आहे. खाते उघडताना आमच्या वर्कशॉपच्या अकाउंटंटनी स्वतःच्या ऑफिसचा पत्ता देऊन टाकला. त्यांनी आमचे काम सोडून चार वर्षे झाली, पण माझे स्टेटमेंट अजून त्यांच्याकडेच जाते. माणूस सज्जन आहे, तक्रार काही नाही, पण माझा हिशेब माझ्याकडे यावा. नवा ईमेल आणि नवा नंबर दोन्ही सोबतच्या छापील फॉर्मात पूर्ण लिहिले आहेत.

शेवटी एक तातडीची गोष्ट. काल पासबुक भरून घेतले. १२ एप्रिलनंतरच्या ११ नोंदींपैकी १० मला ओळखता येतात. २४ एप्रिलला एसीएच या नावाने गेलेले १,१८० रुपये मात्र कशाचे, ते कळत नाही. मेसेज येत असता तर त्याच दिवशी विचारले असते. विम्याचा हप्ता असेल असे मुलगा म्हणतो, पण आमच्या पॉलिसीचा हप्ता एवढा नाही. ही रक्कम कुणी व कोणत्या मंजुरीवर वळती केली, ते लेखी कळवावे. ती माझ्या संमतीविना गेलेली निघाल्यास हा अर्ज रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे माझी सूचना समजावा. मला कळल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आतच मी तो देत आहे. तोवर अशी पुढची कोणतीही वजावट थांबवावी.

बदल झाल्यावर नव्या नंबरावर मेसेज यावा आणि या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मिळावी.

सोबत : भरलेला फॉर्म, आधार व पॅनच्या सही केलेल्या प्रती, आधार अपडेटची पावती, पोलीस पोर्टलवरील नोंद, पासबुकाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स.

आपला विश्वासू,

दत्तात्रय बापूसो चौगले (सही)
सौ. सुमन दत्तात्रय चौगले (सही)